काकांच्या रागाचं स्टिकर

फोटो स्टुडिओतल्या बाईला सगळी गल्ली कात्रीताई म्हणायची, आणि त्यात तिची निंदा नव्हती. तिचं कामच ते. बँकेच्या फॉर्मला एकट्याचा फोटो हवा असेल तर ती लग्नाच्या ग्रुपफोटोतून माणूस अलगद सोडवून द्यायची. भांडण झालेल्या व्याह्यांना ती एकमेकांच्या फोटोतून काढून टाकायची आणि समेट झाला की परत बसवून द्यायची. जुनी फाइल ती कधीच पुसत नसे. माणसांचा काय भरवसा, असं तिचं मत होतं आणि ते तिने मोठ्या अनुभवाने बनवलं होतं.

तर त्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता शेजारच्या सायकल दुकानाचे काका काठी टेकत आत आले आणि मागोमाग काकू आल्या. काकूंच्या हातात काकांचा फोन होता आणि चेहरा असा, की एखादी किमती बशी फुटली आणि फोडणारा समोरच उभा आहे.

"कात्री, हातातलं काम ठेव बाजूला," काकू म्हणाल्या. "सहाच्या आत मला ह्यांचा राग काढून दे."

"काढून म्हणजे?"

"फोटोतून गं. स्टिकर! ते चॅटमध्ये पाठवतात ते."

आठ महिन्यांपूर्वी काकांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, ती व्यायामाने अर्धीमुर्धी परतली. वाचा मात्र गेली ती गेलीच. उरला एक शब्द, "हो". भूक लागली तरी हो, पोट भरलं तरी हो, आणि नको असलं तर तीनदा हो. मान आडवी हलवायला जावं तर ती उभीच हलायची. अक्षरंही डोळ्यांसमोर मुंग्यांसारखी फिरायची, त्यामुळे लिहिणं-वाचणं संपलं. डॉक्टर म्हणाले होते, आत सगळं शाबूत आहे, फक्त बाहेर पडताना वाट चुकतंय. ज्या माणसाने चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीला "नाही" ऐकवलं, त्याच्यावर ही वेळ यावी म्हणजे दैवालाही थट्टा करायची खोड असली पाहिजे.

आणि आता त्या एका शब्दाने घात केला होता. परगावी नोकरी करणारा थोरला मुलगा आणि लग्न होऊन गेलेली लेक, दोघांनी घरच्या ग्रुपवर ठरवलं होतं की सायकलचं दुकान आता बंद करून एका बूटवाल्याला द्यावं. बाबा तिथे एकटे बसतात, पडले-बिडले तर कोण बघणार? काळजी खोटी नव्हती. थोरल्याने सकाळी रीतसर फोन करून विचारलं, "बाबा, देऊन टाकू ना दुकान?" काका संतापून ओरडले, "हो! हो! हो!"

"झालं," काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "तो म्हणे, एवढ्या जोरात होकार बाबांनी कध्धी दिला नव्हता. सहा वाजता बूटवाल्याला शब्द देतोय."

"तुम्ही सांगायचं ना त्याला."

"सांगितलं. म्हणतो, आई, तुला दुकानाची सवय आहे म्हणून तू अडवतेयस, बाबा स्वतः हो म्हणालेत. मग ह्यांनी स्वतःच्या हाताने स्टिकर पाठवलं. काय पाठवलं विचार!"

काकूंनी फोन पुढे केला. पडद्यावर एक मांजराचं पिल्लू टोपी घालून नाचत होतं. खाली लेकीने लिहिलं होतं, 'बाबा किती खूश!'

"नातीने भरून ठेवलीत फोनमध्ये," काकू म्हणाल्या. "ह्यांना चित्रं ओळखू येतात, पण आहेतच सगळी मांजरं. त्यातलं त्यात रागीट दिसलं ते दाबलं ह्यांनी. मी 'नाही' लिहिलेलं तयार स्टिकर पाठवलं, तर थोरला लिहितो, आई, बाबांच्या फोनवरून तू पाठवू नकोस."

काका खुर्चीवर टेकले, डाव्या हाताने स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं आणि निक्षून म्हणाले, "हो."

कात्रीताईला कळलं. फोटो नुसता पाठवला तर एकदाच जातो, पुढच्या वेळी गॅलरीत तो हुडकायचा कुणी? स्टिकर एकदा बसवलं की हाताशी राहतं, डाव्या अंगठ्याने दाबलं की गेलं. आणि काकांचा राग पोरांनी ओळखला नाही तर कुणी ओळखायचा! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, त्यावरून रोखलेली नजर आणि वर उचललेलं बोट. कात्रीताई स्वतः लहानपणी त्यांच्याकडून तासाच्या भाड्याने सायकल घ्यायची. ती नजर आठवली की अजून ती सायकलवरून खाली उतरायची.

सुदैवाने तसा एक फोटो तिच्याकडे होता. लेकीच्या लग्नात काका मंडपवाल्याला झापत होते, तेव्हा तिनेच टिपलेला. हात पूर्ण वर, बोट आभाळाकडे. कॉम्प्युटरवर तिने तो उघडला, काकांच्या कडेकडेने सिलेक्शन फिरवलं, मागचा मंडप उडवला. काकांच्या मागे करड्या-पांढऱ्या चौकटी आल्या.

"हा बुद्धिबळाचा पट कशाला मागे?" काकूंनी लगेच हरकत घेतली.

"पट नाही तो. तिथे काहीच नाही, हे कळावं म्हणून कॉम्प्युटर चौकटी दाखवतो. चॅटमध्ये दिसणार नाहीत. तिथे मागे चॅटचाच रंग दिसेल."

"काहीच नाही हे दाखवायला एवढ्या चौकटी?"

कात्रीताईने मापं घेतली. चॅटच्या ॲपची मापं म्हणजे सासुरवाडीचे रिवाज, एक चुकलं तर आत घेत नाहीत. चौकोन पाचशे बारा ठिपक्यांचा, लांबी तेवढीच रुंदी. चारी बाजूंना सोळा-सोळा ठिपके मोकळे. आकृतीभोवती आठ ठिपक्यांची पांढरी किनार, म्हणजे गडद रंगाच्या चॅटवरही माणूस उठून दिसतो. आणि फाइलचं वजन शंभर केबीच्या आत.

तिने काकांना मावेल तेवढं मोठं केलं, दोन्हीकडे सोळा सोडून चारशे ऐंशी, आणि मग किनार दिली. किनार बाहेरच्या अंगाला वाढली आणि मोकळ्या जागेत आठ ठिपके घुसली. "हात्तिच्या!" ती स्वतःवरच चिडली. एवढी वर्षं पासपोर्टचे फोटो मापात बसवणारी बाई, आणि किनारीची जागा धरायला विसरली. किनार धरून चारशे ऐंशी, म्हणजे माणूस चारशे चौसष्टच. तिने किनार काढली, काका लहान केले, परत किनार दिली. किनारीसकट लहान केलं असतं तर किनारही बारीक झाली असती, आणि तेही मापात चुकलं असतं.

"कुठाय किनार?" काकू पडद्याला नाक लावून म्हणाल्या. "पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार?"

हे मात्र बरोबर होतं. कात्रीताईने खाली काळा रंग टाकून बघितला. किनार दिसली, आणि काकाही दिसले, पण जे दिसलं त्याने कुणीच घाबरलं नसतं. वर उचललेल्या हाताने सगळी उंची खाऊन टाकली होती. बोट सोळाच्या रेषेला टेकलं होतं आणि खाली चेहरा शर्टाच्या बटणाएवढा. शिवाय सडपातळ बोटाला दोन्हीकडून किनार लागल्यामुळे ते मुळ्यासारखं फुगलं होतं.

तिने ते फोनएवढं करून दाखवलं. काकूंनी मान इकडून तिकडे तिरकी करून बघितलं.

"बस थांबवतायत," त्या शेवटी म्हणाल्या.

काका खिन्नपणे म्हणाले, "हो." आणि तो होकार खरा की खोटा, हे कुणी विचारलं नाही.

बोट कापलं तर राग जातो, ठेवलं तर चेहरा जातो. कात्रीताईने पाच मिनिटं इकडून तिकडून ओढून बघितलं. मग माउस सोडून उठली. "काका, नवा काढू. पण बोट गालाजवळ धरायचं. चेहरा आणि बोट दोन्ही एका चौकोनात बसलं पाहिजे."

स्टुडिओच्या पडद्यासमोर स्टूल ठेवलं, दिवे लावले. काकांनी चष्मा खाली ओढला, बोट गालाजवळ नेलं. आणि राग येईना! पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ते बसले, सज्जन आणि बिचारे.

"अहो, रागवा की!" काकू म्हणाल्या. "एरवी मीठ कमी पडलं तर डोळे वटारता."

काका हसले.

"तुमचा भाऊ आठवा. त्याने तुमचा पंप नेला तो दिला का परत?"

काका आणखी हसले, खांदे हलवून. काकूंनी मग बेचाळीस वर्षांच्या संसारातली ठेवणीतली अस्त्रं काढली. माहेरच्या माणसांचा उद्धार झाला, सासरच्यांचा झाला, काकांच्या घोरण्यावर येऊन गाडी थांबली. बोलता बोलता काकूच एवढ्या तापल्या, की त्यांचंच स्टिकर करावं असं कात्रीताईच्या मनात आलं. काका मात्र डोळे पुसत हसत होते. आठ महिन्यांत त्यांना कुणी इतकं मनापासून बोललं नव्हतं. सगळे नुसते हळू आवाजात विचारपूस करायचे.

घड्याळात पाऊण तास उरला होता. कात्रीताईला तीच जुनी नजर आठवली, आणि त्या नजरेनेच तिला अक्कल सुचवली. ती कॅमेरा घेऊन बाहेर पडली. तो तिने मागोमाग आलेल्या काकूंच्या हातात दिला. "मी सांगितलं की हे बटण दाबून धरा, सोडू नका." काका काय चाललंय ते बघायला काठी टेकत दाराशी आले आणि आपल्या दुकानाच्या हिरव्या शटरला पाठ लावून उभे राहिले. कात्रीताईने स्वतःची सायकल स्टँडवर लावली, काकांच्या दुकानाच्या पायरीवरची पकड उचलली आणि मागच्या चाकाच्या नटाला लावली.

नटाला पकड! आयुष्यभर काकांनी पोरांना एकच शास्त्र शिकवलं होतं. नटाला पानाच लावायचा. पकड लावली की नटाचे कोपरे झिजतात, कोपरे झिजले की तो पुढे कुणाच्या बापाला उघडत नाही. ह्या एका गुन्ह्यासाठी थोरल्याने लहानपणी कितीदा बोलणी खाल्ली होती, आणि खुद्द कात्रीताईलाही एक महिना सायकल बंद झाली होती.

तिने पकड आवळली. नट कुरकुरला.

"दाबा!" ती ओरडली.

काकांचा चष्मा घसरला, मान पुढे आली, भुवया एकत्र झाल्या आणि डावं बोट गालाशेजारी ताठ उभं राहिलं. "हो!" असा आवाज निघाला की समोरचं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं. कात्रीताईच्या हातातून पकड आपोआप खाली पडली. चाळिशी ओलांडलेली बाई, पण तिच्या तोंडून निघून गेलं, "चुकलं काका!"

काकूंनी बटण सोडलंच नव्हतं. एकतीस फोटो निघाले होते.

आत येऊन तिने घाईने तीन निवडले. एकच पुरलं नसतं, कारण ॲप एकटं स्टिकर घेत नाही, संचात निदान तीन लागतात. पहिल्यात राग नुकताच आला होता, दुसऱ्यात पुरता चढला होता आणि तिसऱ्यात काका काठी उगारायच्या बेतात होते. म्हणजे नाही, नाहीच आणि त्रिवार नाही.

दुसरा आधी घेतला. शटर उडवलं, केसांची कड मऊ केली, माप बसवलं, मग किनार. चेहरा आता चौकोन भरून उरला होता आणि बोट गालाशी, मापात. काळा रंग खाली टाकून बघितला तर बोट आणि गाल यांच्यामधल्या फटीत शटरचा एक हिरवा तुकडा राहिला होता.

"कानात पानाचा तुकडा अडकलाय," काकू म्हणाल्या.

तो काढला. आणि मग तिचा हात सवयीने काकांच्या तोंडाकडे गेला. ओठांची उजवी बाजू खाली ओघळलेली होती. रोज ती चार सुरकुत्या, दोन मुरमं पुसायचीच. गिऱ्हाइकाने सांगावं लागत नसे. तिने ओठाचा कोपरा उचलून सरळ केला, डाव्या बाजूसारखा. दोन सेकंदांचं काम. पडद्यावर आठ महिन्यांपूर्वीचे काका दिसू लागले.

"अगंबाई," काकू एवढंच म्हणाल्या.

"हो!" काका गरजले. काठीचं टोक त्यांनी पडद्याकडे रोखलं. "हो! हो!"

कात्रीताईला आधी कळेना. चांगलं तर दिसतंय. मग काकांनी काठी खाली ठेवली, डाव्या हाताच्या बोटाने स्वतःच्या ओठाचा खरा कोपरा धरला आणि मुद्दाम आणखी खाली ओढला. असा. हा असा आहे. तिच्याकडे ते रोखून बघत राहिले.

तिला शरम वाटली. आतापर्यंत किती माणसांना तिने न विचारता सरळ केलं होतं, देव जाणे. तिने बदल मागे घेतला. ओठ पुन्हा खाली आला. राग त्याने कमी झाला नाही, उलट वाढला, कारण आता तो ह्याच माणसाचा होता.

उरलेले दोन झपाट्याने झाले. संचाच्या तोंडाशी दिसणारं शहाण्णव ठिपक्यांचं चिमुकलं चित्र झालं. एका फाइलचं वजन एकशे बारा केबी भरलं, ते दाबून ऐंशीवर आणलं. काकांच्या फोनवर पाठवताना तिने फाइल म्हणूनच पाठवल्या, कारण फोटो म्हणून पाठवलं तर ॲप मागची पारदर्शक जागा भरून टाकतं आणि सगळी कात्री वाया जाते. स्टिकर जोडायच्या ॲपमधून संच चॅटमध्ये बसवला. सहाला नऊ मिनिटं कमी होती.

ग्रुपवर थोरल्याचा निरोप येऊन पडला होता. 'मग मी बूटवाल्याला फोन करतो. सगळ्यांचं एकमत आहे.'

कात्रीताईने संच उघडून फोन काकांसमोर धरला. मांजरांच्या रांगेशेजारी तीन काका बसले होते. काकांनी ते नीट बघितले, तिन्ही. मग अंगठा उचलला आणि मधला दाबला.

स्टिकर गेलं. पांढऱ्या किनारीत काका ग्रुपमध्ये उभे राहिले, चष्म्यावरून बघत, बोट गालाशी.

दोन निळ्या खुणा आल्या. मग काहीच नाही. काकूंनी पदराचं टोक दातांत धरलं. 'टाइप करत आहे' असं दिसायचं आणि बंद व्हायचं, दिसायचं आणि बंद व्हायचं.

आधी लेकीचा निरोप आला. कात्रीताईने मोठ्याने वाचला. "'आई, हा आत्ताचा फोटो आहे? बाबांचं तोंड आत्ताचं आहे. हे बाबाच आहेत.'"

लगेच दुसरा. "'दादा, फोन करू नकोस. बाबा रागावलेत!'"

थोरल्याचं उत्तर यायला आणखी एक मिनिट लागलं. मोठा अधिकारी माणूस, हाताखाली तीसेक माणसं. कात्रीताई वाचू लागली. "'बाबा, मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलोय. सगळे बघतायत. बूटवाल्याला नाही म्हणून कळवतो. दुकान तुमचं आहे. मी शनिवारी येतो, दुकानात धरायला दांडा बसवू आणि हाक मारायला घंटा.'"

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्या हसतही होत्या. त्यांनी काकांच्या लुळ्या हातावर हात ठेवला. काका पडद्याकडेच बघत होते. श्वास जोरात चालला होता, पुष्कळ बोलून दमल्यासारखा.

फोन परत थरथरला. कात्रीताईने बघितलं आणि ह्या वेळी आधी मनातल्या मनात वाचलं.

"थोरल्याचाच आहे," ती म्हणाली. "लिहितो, 'आठ महिने कुणी रागावलं नाही बाबा. परत एकदा रागवा ना.'"

काकांनी चष्मा नाकावर खाली ओढला, मान पुढे काढली, आणि अंगठ्याने दाबलं.